आठ अक्षरांत अडकलेली दुपार

आजची दुपार भाषांतरकार कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या आरंभी संस्कृतातून चिनीत आणलेल्या वज्रच्छेदिका या बौद्ध सूत्रातील आठ अक्षरांवर गेली. आजच्या उच्चारानुसार ती अशी: यिंग वू स्वो जू, अर शंग छी शिन. कुठेही न टेकलेले चित्त उत्पन्न करावे, हा त्यांचा आशय.

मी प्रथम 'स्वो' म्हणजे 'स्थान' असे धरले आणि फसलो. 'जू स्वो' असा क्रम असता तर 'राहण्याचे ठिकाण' हा अर्थ बरोबर होता. परंतु येथे 'स्वो' क्रियापदाच्या आधी आल्यामुळे ते केवळ अव्यय ठरते आणि 'जू', म्हणजे टेकणे, याचे 'ज्यावर टेकावे असे काही' या नामात रूपांतर करते, तर 'वू' ते नाहीच असे सांगते. मूळ संस्कृतात 'उत्पादयितव्यम्' मधील 'तव्य' प्रत्यय जे विध्यर्थाचे काम करतो (आपल्या 'करावे'मध्येही ते प्रत्ययातच दडलेले आहे), ते येथे आरंभीचे सुटे 'यिंग' करते, आणि त्याचा अंमल 'अर' हे जोडणारे अव्यय ओलांडून 'शंग', म्हणजे उत्पन्न करणे, इथपर्यंत पोहोचतो.

संस्कृतातले 'अप्रतिष्ठितम्', म्हणजे न टेकलेले, हे चित्ताचे साधे विशेषण. चिनीत मात्र ते सुटून स्वतंत्र उपवाक्य झाले. मला तरी 'अर'मध्ये 'आणि'पेक्षा 'तरीही' अधिक ऐकू येते.