तो चौथा प्रश्न, काकू

"आमचं प्रेझेंटेशन पन्नास स्लाइड्सचं असतं. सुरुवातीला अजेंडा टाकतो, तरी लोक मध्येच विचारतात, अजून किती राहिलंय? तुमच्यात असं का होत नाही?"

पूर्वी माझ्यातही व्हायचं. मी पुण्यात सोसायट्यांच्या पुनर्विकासाचे अहवाल सभासदांना समजावून सांगायचं काम करते. रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या, भिंतीवर पांढरी चादर, प्रोजेक्टर कुणाच्या तरी ऑफिसातून आणलेला. समोर साठ-सत्तर माणसं, आणि सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न: मला किती मिळणार?

अशाच एका सभेत माझ्या 46 स्लाइड्स होत्या. दुसरी स्लाइड अजेंड्याची, त्यावर अकरा ओळी: प्रस्तावना, इमारतीची सद्यस्थिती, संरचनात्मक तपासणी, लागू नियम, असं करत करत 'आभार' पर्यंत. सोसायटीच्या माणसाला अजेंडा म्हणजे नोटिशीवरची विषयपत्रिका, 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' वगैरे. माझी स्लाइड तशीच दिसत होती आणि लोकांनी ती नोटिशीसारखीच न वाचता सोडून दिली. नवव्या स्लाइडला, मी एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं, ते समजावत असताना, पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, "ते राहू दे, आमच्या वन बीएचकेला किती?" उत्तर तीस स्लाइड्स पुढे होतं. मी म्हणाले, "येतंय पुढे." मग वीसेक मिनिटं दर दोन स्लाइड्सनंतर कुणी ना कुणी तेच विचारत होतं, आणि मी 'येतंय पुढे' म्हणत होते.

काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. उत्तर येणार आहे हे त्यांना दिसतच नव्हतं. अजेंडा एकदा दाखवून मी तो काढून घेतला होता.

आता आधी सगळ्या स्लाइड्स तयार करते. मग पॉवरपॉइंटमध्ये Slide Sorter उघडून सगळा पसारा एका नजरेत बघते आणि ढीग लावते. त्या 46 मधली मुखपृष्ठ आणि अजेंडा सोडून 44 उरल्या, त्यांचे पाच ढीग झाले. प्रत्येकाला नाव दिलं ते सभासदांच्या तोंडचं: 'आपली इमारत किती टिकेल?' 6 स्लाइड्स, 'नियम काय सांगतात?' 8, 'तीन बिल्डरांनी काय देऊ केलंय?' 14, 'माझ्या फ्लॅटला किती?' 12, 'आता पुढे काय?' 4. यादीतून 'प्रस्तावना' आणि 'आभार' या ओळी गेल्या. ढीग समान नाहीत, आणि ते समान करायच्या नादाला मी लागत नाही. फक्त दोन-तीन स्लाइड्सचा ढीग निघाला तर तो शेजारच्यात घालते, कारण दोन स्लाइड्ससाठी दुभाजक, म्हणजे नवा ढीग सुरू झाला हे सांगणारी स्लाइड, टाकला की दारं जास्त आणि खोल्या कमी असं होतं.

दुभाजक म्हणजे माझ्याकडे वेगळी सजवलेली स्लाइड नसते. तोच अजेंडा पाच वेळा परत येतो. पाचही ओळी जागेवरच, आणि चालू ओळीच्या डावीकडे एक जाड केशरी पट्टी. पट्टी दर वेळी एक ओळ खाली सरकते. शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही कळतं की चार झाले, एक राहिला. रंगीत फोटो आणि मधोमध 'विभाग 3' असली स्लाइड मला कधीच आवडली नाही. ती तिसरा सुरू झाला एवढंच सांगते, एकूण किती आहेत ते सांगत नाही.

पहिल्यांदा मी अजेंड्याच्या पाच प्रती काढल्या होत्या आणि तिथेच फसले. आदल्या रात्री सचिवांचा फोन आला की 'बिल्डर' नको, 'विकासक' लिहा. मी चार ठिकाणी बदललं, पाचव्यावर राहिलं, आणि सभेत नेमकं तेच कुणाला तरी दिसलं. तेव्हापासून ओळी मी स्लाइडवर लिहीतच नाही. View मधून Slide Master उघडते, तिथे एक नवीन लेआउट, म्हणजे स्लाइडचा साचा, करते आणि पाच ओळी त्या लेआउटवरच टाकते, प्रत्येकीची टेक्स्ट बॉक्स वेगळी, अक्षर 32 पॉइंटचं. प्रत्यक्ष दुभाजकावर फक्त शीर्षक आणि ती पट्टी. शब्द एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो. यात एक अडचण आहे: स्लाइडवरची वस्तू नेहमी लेआउटच्या वर बसते, त्यामुळे ओळीच्या मागे रंग भरता येत नाही, तो अक्षरंच झाकून टाकतो. म्हणून पट्टी बाजूला.

शीर्षकाची जागा मात्र रिकामी ठेवू नका. कारण पुढची पायरी दुव्यांची. लेआउटवरची एकेक टेक्स्ट बॉक्स निवडायची, Ctrl+K, मग Place in This Document, आणि यादीतून तो दुभाजक. ज्या स्लाइडला शीर्षक नाही ती या यादीत नुसती Slide 34 म्हणून दिसते आणि मग मोजत बसावं लागतं. आतली अक्षरं निवडून दुवा दिला तर ती अधोरेखित होतात आणि रंग बदलतो. बॉक्सच्या कडेवर क्लिक करून अख्खी बॉक्स निवडली तर ती आहे तशीच राहतात. बाकीच्या स्लाइड्सच्या लेआउटवर कोपऱ्यात 'यादी' असा छोटा बॉक्स, त्याचा दुवा अजेंड्याकडे. कुणी मध्येच मागचं विचारलं की यादी, विभाग, आणि उत्तर देऊन झालं की आधी ज्या स्लाइडवर होते तिचा नंबर टाइप करून Enter.

Summary Zoom यातलं बरंचसं आपोआप करून देतं, पण ते 2019 आणि त्यानंतरच्याच पॉवरपॉइंटमध्ये तयार करता येतं, आणि त्यातली चिमुकली चित्रं आमच्या चादरीवर कुणालाच वाचता येत नाहीत.

डावीकडे स्लाइड्सच्या छोट्या चित्रांची रांग असते, तिथे प्रत्येक दुभाजकाच्या आधी उजवं क्लिक करून Add Section देते आणि तीच नावं ठेवते. हे प्रेक्षकांना दिसत नाही, माझ्यासाठी असतं. अध्यक्ष म्हणाले, नियम नंतर घेऊ, तर विभागाचं नाव धरून ओढलं की दुभाजकासकट नऊच्या नऊ स्लाइड्स सरकतात. लेआउटवरच्या ओळी आणि पट्ट्या मात्र हातानेच हलवाव्या लागतात, हे विसरलात तर पट्टी भलत्याच ओळीपाशी उभी राहते.

पाच दुभाजक धरून स्लाइड्स 51 झाल्या, म्हणजे वाढल्याच. पण दुभाजकावर मी पंधरा-वीस सेकंद थांबते आणि दोनच वाक्यं बोलते: आत्ता काय कळलं, आता काय बघायचं. शेवटी सभासदांना छापील प्रत देताना ओळींपुढे पान नंबर घालते: 3, 10, 19, 34, 47. हे अगदी शेवटचं काम. एक जरी स्लाइड मध्ये वाढली तरी पुढचे सगळे आकडे चुकतात.

त्याच सोसायटीत दुसऱ्या सभेला गेले तेव्हा त्याच काकू पुढच्या रांगेत होत्या. एफएसआय सुरू झाला तशी त्यांच्या शेजारणीने हात वर केला. मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "अगं, तो चौथा आहे. आत्ता दुसरा चाललाय." मग माझ्याकडे वळून, "पण काय हो, भाडं कुठल्या नंबरात येतं?"

भाडं तिसऱ्यात होतं, बिल्डरांच्या चौदा स्लाइड्समध्ये कुठेतरी. पुढच्या वेळी चौथ्यात घेतलं.