शिबिराचा स्वयंपाक, नोंद तिसरी: पन्नास मुलं, दोन चुली

डिसेंबरातलं तीन दिवसांचं शिबिर पार पडलं. जुन्नर भागात, शाळेतली पन्नास मुलं, आम्ही आठ मोठे, दोन दगडी चुली आणि एक गॅसची शेगडी. यंदा मेनू ठरवताना मुलांच्या आवडीआधी चुली मोजल्या. एका जेवणाला मोठी पातेली दोनच, तिसरं काही असेल ते शेगडीवर. पोळ्या पूर्ण वगळल्या. माणशी तीन धरल्या तरी पावणेदोनशे होतात, आणि हौशी हातांनी तेवढ्या लाटून होईपर्यंत पहिल्या पोळ्या चामट होतात.

पहिल्या दिवशी दुपारी घरचे डबे, रात्री मूगडाळीची खिचडी आणि काकडी. मागच्या वर्षी साडेसहा किलो डाळतांदूळ एकाच पातेल्यात घातले होते. तळ करपला आणि वरचा थर कच्चा राहिला, कारण एवढ्या जाड थरात खालची उष्णता वर पोचत नाही आणि ढवळावं तर शितं मोडतात. यंदा दोन पातेली केली. प्रत्येकात सव्वादोन किलो तांदूळ आणि पाऊण किलो डाळ. पाण्याचं आधण वेगळं उकळून घातलं. घरी मऊ खिचडीला मी साडेतीन पट पाणी घालते, इथे मापाने तीन पटच पुरलं, कारण मोठ्या पातेल्यात पाण्याच्या मानाने वाफ कमी उडते. पाणी शितांच्या पातळीला आलं की चुलीतली लाकडं बाहेर ओढली, जाड ताट झाकलं आणि ताटावर निखारे ठेवले. वीस मिनिटांनी वरचं शीत बोटांत दाबलं तर सहज चुरलं. तळाला नुसती खरपुडी, आणि ती मुलांनी मागून खाल्ली.

दुसऱ्या सकाळी कांदेपोहे, चार किलो. पोहे एकदम भिजवले की गोळा होतो, म्हणून किलोकिलोने चाळणीत भिजवून निथळले.

दुपारी मटकीची उसळ आणि भात. इथे माझा अंदाज चुकला. सव्वादोन किलो मटकी घरून भिजवून नेली आणि रात्री फडक्यात बांधली, पण थंडीत पहाटेपर्यंत मोड जेमतेम डोकावले होते. पोहे झाल्यावर गाठोडं डब्यात घालून विझत्या चुलीशेजारी ठेवलं, तास-दोन तासांनी डबा फिरवत राहिले. जेवण दीडला गेलं, पण मोड आले. पुढच्या वेळी मटकी एक दिवस आधी घरीच बांधणार.

त्या रात्री पिठलं-भात. दुपारचा भात उरला होता, तो रात्रीसाठी ठेवला नाही. इतका भात मोठ्या पातेल्यात तासन्‌तास कोमटच राहतो, वास न येताही बिघडतो, आणि तो थंड करायला इथे फ्रीज नव्हता. दीड किलो बेसन गार पाण्यात आधी कालवून फोडणीच्या उकळत्या पाण्यात बारीक धारेने सोडलं, एकजण सतत घोटत होता.

तिसऱ्या सकाळी उपमा, आणि निघण्याआधी बटाटे घालून मसालेभात. पालेभाजी ठेवलीच नाही, कारण ती निवडायलाच चार माणसं आणि सकाळ जाते. हिरवं काही हवं म्हणून पुढच्या शिबिरात दुधी आणि लाल भोपळा न्यायचा विचार आहे. दोन्ही तीन दिवस बाहेर सहज टिकतात.