जानेवारीत टोरांटोला जाताय? आधी बुटाचा सोल बघा

इकडे सिद्धेश्वराच्या यात्रेची गर्दी होती तेव्हा आम्ही दोघं टोरांटोला लेकीकडे होतो. तिकडे जाणारे सोलापूरकर आधी जॅकेटचं विचारतात. मी म्हणेन, आधी बुटाच्या सोलचं विचारा.

भुसभुशीत बर्फाचं भय नाही, त्यात खोल खाचांचा सोल छान रुततो. धोका आहे तो दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठलेल्या, काचेसारख्या थराचा. पारा शून्याच्या आसपास असला की त्यावर पाण्याचा पापुद्रा असतो आणि तेव्हाच तो सगळ्यात निसरडा. उणे १५ला उलट पाय जरा धरतो. या थरात खाचांना रुतायला जागाच नसते, म्हणून तिथे रबर कामाला येतं. साधं रबर थंडीत कडक होतं. घेतलेला बूट पिशवीत घालून रात्रभर घरच्या फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी नखाने दाबल्यावर सोल दबायला हवा, हाताने वाकायलाही हवा.

पण ओल्या बर्फावर नुसतं मऊ रबरही पुरत नाही. काही सोलमध्ये रबरातच बारीक, खरखरीत कण किंवा काचतंतू मिसळलेले असतात. टोरांटोतल्या एका संशोधन संस्थेत बर्फाच्या जमिनीवर माणसांना चालवून, जमीन तिरपी करत बूट तपासतात. तारे द्यावेत तसे गुण म्हणून हिमकण देतात: ७ अंशांच्या उतारावर टिकला तर एक हिमकण, ११ला दोन, १५ला तीन. पहिली पायरी ७ अंशांचीच, कारण फुटपाथवरून रस्त्यावर उतरायचे उतार तेवढे असू शकतात. लेकीच्या घराजवळच्या चौकात तो फरक दिसला. हिच्या कणवाल्या सोलने उतार धरला, माझे खोल नक्षीचे बूट मात्र सरकत होते. हे कण झिजतात, तेव्हा जुना बूट घेताना टाचेखाली हात फिरवून खरखर लागते का ते बघा.

बुटावर चढवायचे रबरी पट्टे मिळतात, खाली स्टीलच्या स्प्रिंगा किंवा खिळे. निव्वळ बर्फावर खिळ्यांना तोड नाही. पण दुकानाच्या किंवा स्टेशनच्या गुळगुळीत फरशीवर तेच खिळे घसरवतात, म्हणून दारातच काढायचे. वाकणं जमत नसेल तर कणवाला सोलच बरा.

उबेसाठी आतल्या अस्तरावर ग्रॅमचा आकडा असतो. चालणाऱ्याला २०० पुरतात, बसस्टॉपवर उभं राहणाऱ्याला ४०० बरे. बूट जाड मोज्यासकट घालून बघा. बोटं हलत नसतील तर कितीही अस्तर असो, पाय गार पडतात.

कुणी माळ्यावरून काढून बूट दिले तर आधी सोल दोन्ही हातांनी वाकवा. पॉलियुरेथेनचे सोल उष्णतेत आणि दमट हवेत न वापरताही आतून सडतात. भेग पडली किंवा चुरा सुटला तर ते इथेच ठेवा.