तिरपा पास विंगरला जाईना, मग कॅमेरा वर नेला: माझा अनुभव

ईए एफसी हा फुटबॉलचा गेम खेळताना माझं एकच दुखणं होतं. मिडफिल्डमधून पलीकडच्या टचलाइनवरच्या विंगरला तिरपा पास दिला की बॉल त्याच्याकडं न जाता सरळ पुढं स्ट्रायकरकडं पळायचा. आमचा चुलतभाऊ म्हणायचा, "पॅडला कशाला दोष द्यायलास, हातच वाकडा हाय तुझा."

आधी पॅडच तपासला. कॉम्प्युटरवर विंडोज + आर दाबून `joy.cpl` टाकलं, यादीतला पॅड निवडून प्रॉपर्टीज दाबलं की पॅडची टेस्ट विंडो येते, स्टिक सोडली की त्यातली अधिकची खूण मधोमध येऊन थांबली पाहिजे. माझी थांबली, म्हणजे ड्रिफ्ट नव्हता.

मग प्रॅक्टिस अरीनात गेलो आणि स्टिक बरोब्बर तिरपी धरून खेळाडू पळवून बघितला, तर स्क्रीनवर तो त्याहून बराच आडवा पळायला. तिथं डोक्यात उजेड पडला. स्टिकची दिशा मैदानावर मोजली जाते आणि आपण बघतो स्क्रीनवर, अन् कॅमेरा खाली असला की मैदानाची रुंदी चेपलेली दिसते. समजा कॅमेरा ३० अंशांतून खाली बघतोय, तर रुंदी निम्मीच दिसणार, म्हणजे खरा ४५ अंशांवरचा विंगर आपल्याला साधारण २७ वर दिसतो, आपण स्टिक २७ वर ढकलतो आणि बॉल तिकडंच जातो जिथं स्ट्रायकर उभा हाय. कॅमेरा ४५ अंशांवर नेला तर तोच विंगर ३५ वर दिसतो, फरक बराच कमी होतो.

म्हणून कॅमेरा सेटिंगमधी टेली ब्रॉडकास्ट ठेवून हाईट २० आणि झूम ० केलं. झूम कमी केल्यानं पलीकडचा विंगर पास द्यायच्या आधीच स्क्रीनवर दिसायला लागला, नाहीतर अंदाजानंच दाबायचो.

ग्राउंड पास असिस्टन्स सेमीवर नेऊन बघितलं, पण त्यात दिशा बऱ्यापैकी आपल्यालाच नीट धरावी लागते आणि आपला अंगठा अजून २७ अंशांतच अडकलेला, त्यामुळं सध्या असिस्टेडच ठेवलंय. कॅमेऱ्याची सवय झाली की सेमी. दोन्ही एकदम बदललं की पास कशामुळं चुकला तेच कळत नाही लेको.

तोटा बी हाय. छोट्या मॉनिटरवर खेळाडू मुंगीएवढे दिसतात, ड्रिबल करताना बॉल कुठल्या पायावर हाय ते पटकन कळत नाही, अन् रात्री डोळे दुखतात. आणि एकाच स्क्रीनवर दोघं खेळलो की कॅमेरा एकच, त्यामुळं चुलतभावाची रोज बोंब, "अरे हेलिकॉप्टरातून मॅच बघायलो का आपण!" शेवटी त्याच्यासोबत खेळताना हाईट १५ वर तोडगा निघालाय, तिथं पास जरा चुकतो पण चालतंय.