५०० एमएलच्या स्मूदीचा हिशोब जमवता जमवता काय काय झालं (माझा अनुभव)

माझा लहान भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. रोज पहाटे गावाबाहेरच्या रोडवर १६०० मीटर मारतो, आणि वजन फक्त ५३ किलो. म्हणून मी दोन महिन्यांपासून त्याच्यासाठी केळी, दूध, ओट्स आणि पीनट बटरची स्मूदी करते आणि त्यातलं प्रोटीन, फॅट, कार्ब किती हे वहीत लिहून ठेवते. त्याची बाटली ५०० एमएलची आहे म्हणून माप पण ५०० चंच. सुरुवातीला मी सोललेलं केळं १०० ग्रॅम, ओट्स ४० ग्रॅम, पीनट बटर २० ग्रॅम टाकायची आणि मिक्सरच्या भांड्यावरच्या ५०० च्या रेघेपर्यंत दूध भरायची. बाकीच्या तिन्ही वस्तू साधारण १५० एमएल जागा घेतात, म्हणजे दूध ३५० एमएल, असं मी धरलं होतं. मोबाईलवर गायीच्या दुधाचा आकडा घेतला, बेरीज आली ५८८ कॅलरी आणि फॅट २५ ग्रॅम. छान वाटलं.

पण भाऊ रोज म्हणे, "ताई, हे पेलं का पोट लय जड होते, पयताना घशाशी येते." मी म्हटलं २५ ग्रॅम फॅटनं एवढं कसं होईल, तू लवकर लवकर पेत असशील. आठ दिवस असंच चाललं. मग एक दिवस बाबांसोबत सकाळी डेअरीवर दूध घालायला गेली, आणि पावती हातात आली तेव्हा डोक्यात उजेड पडला. फॅट ६.८ टक्के, आणि एसएनएफ, म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधातलं बाकीचं सगळं, ९.० टक्के. आमच्याकडे म्हैस आहे न! मी वहीत गायीचं ३.३ फॅट लिहत होती आणि भावाच्या पोटात दुप्पट जात होतं. डेअरीवरचे काका म्हणाले, "पोरी, दुधाचा हिशोब करायचा असन तं पावती पाहाची, मोबाईलात काऊन पाहतं?" बरोबरच होतं त्यांचं.

घरी येऊन पुन्हा सगळं मांडलं. ३५० एमएल दूध म्हणजे वजनानं ३६० ग्रॅम, कारण दूध पाण्यापेक्षा थोडं जड असते, एक लिटर भरते साधारण १०३० ग्रॅम. पावतीप्रमाणे त्यात फॅट आलं २४.५ ग्रॅम, प्रोटीन १०० ग्रॅमला साधारण ३.७ धरून १३.३, आणि दुधातली साखर १८ ग्रॅम. एवढ्याच्याच कॅलरी ३४६. केळ्याच्या ८९, ओट्सच्या १५३, पीनट बटरच्या १२६. एकूण ७१४ कॅलरी, प्रोटीन २४.६, फॅट ३७.६, कार्ब ७१.८. म्हणजे मी रोज १२६ कॅलरी कमी लिहत होती, आणि तो सगळा फरक जवळपास फॅटचाच. बेरीज तपासायला मी प्रोटीन आणि कार्बला ४ नं, फॅटला ९ नं गुणलं तं ७२४ आलं. दहाचा फरक केळ्यामुळं, कारण केळ्याच्या कार्बमधे फायबर पण धरलेलं असते आणि त्याच्या पूर्ण ४ कॅलरी मिळत नाहीत. पन्नासाचा फरक आला असता तर मात्र कुठंतरी आकडा चुकला असं समजायचं.

आता दुसरी गोष्ट, जी मला खूप उशिरा समजली. मिक्सर फिरवला की वर फेस येतो. मी फिरवल्या फिरवल्या रेघ पाहायची आणि ५०० झालं की दूध थांबवायची. एकदा लाईट गेली म्हणून भांडं तसंच ओट्यावर राहिलं, अर्ध्या तासानं पाहते तं फेस बसून रेघ ४५० वर! म्हणजे मी हवा मोजत होती. पन्नास एमएल दूध मी वहीत लिहलं पण भांड्यात ते नव्हतंच, जवळपास ४९ कॅलरीचा घोळ.

आणि केळी पण रोज एकसारखी कुठं भेटतात. दारव्ह्याच्या बाजारातून आणलेल्या एकाच फणीत एक केळं सोलून ८६ ग्रॅम भरलं, दुसरं १२१. मी वहीत एक केळं म्हणजे १०० लिहून मोकळी व्हायची. केळं मोठं झालं की रेघेपर्यंत दूध तेवढं कमी बसते, आणि गंमत अशी की म्हशीच्या दुधाची आणि केळ्याची १०० ग्रॅमची कॅलरी जवळजवळ सारखीच, ९६ आणि ८९. म्हणून एकूण कॅलरी हलत नाही आणि चूक दिसतच नाही, पण आतून कार्ब वाढते, फॅट आणि प्रोटीन कमी होते. केळं ३० ग्रॅमनं मोठं असलं तर दुधातलं दोन ग्रॅम फॅट आणि एक ग्रॅम प्रोटीन गेलं आणि वर पाच ग्रॅम कार्ब आले.

मग मी पद्धतच बदलली. रिकामं भांडं काट्यावर ठेवते, शून्य करते, त्यातच सोललेलं केळं १०० ग्रॅम (जास्तीचा तुकडा मी खाते), पुन्हा शून्य, ओट्स ४०, शून्य, पीनट बटर २०. पीनट बटर चमच्यानं मोजू नका, आमच्या घरचा भरलेला चमचा २७ ग्रॅम भरला, त्यातच साडेतीन ग्रॅम फॅट जास्त. मग दूध मोजून २५० ग्रॅम, बस. आणि रेघेपर्यंत जे काही कमी पडते ते पाणी, साधारण ११० ग्रॅम लागते. पाण्यात कॅलरीच नाही, म्हणून फेस, भांडं काहीही मागंपुढं झालं तरी हिशोब हलत नाही, फक्त स्मूदी घट्ट पातळ होते. आधी रेघ दुधानं भरायची हीच माझी मूळ चूक होती.

दूध उकळायचा पण प्रश्न होता, कारण आई साय काढून ठेवते आणि पावतीवरचं फॅट तर कच्च्या दुधाचं. आईला म्हटलं, "माय, एवढ्या गंजातली साय काढू नको, मले हिशोब लागत नाही." ती म्हणे, "मंग तूप कायचं करू?" शेवटी स्मूदीपुरतं दूध वेगळ्या छोट्या गंजात उकळते, उकळायच्या आधी आणि नंतर वजन करते, जेवढं आटलं तेवढं पाणी टाकून साय आतच घोटून घेते.

नवीन बेरीज ६०८ कॅलरी, प्रोटीन २०.६, फॅट ३०, कार्ब ६६. फॅट साडेसातनं उतरलं आणि स्मूदी पयून आल्यावर देते, आता घशाशी येत नाही म्हणतो. बाबांना पण चव आवडली, त्यांना पेलाभर लागते. पेला डोळ्यानं न मोजता तोही काट्यावर मोजते. सगळं मिळून ५२० ग्रॅम होते, बाबांना १३० ग्रॅम दिलं म्हणजे बरोबर पाव भाग, १५२ कॅलरी. भावाच्या वहीत ४५६ आणि प्रोटीन साडेपंधरा लिहते. भांड्याला चिकटून पंधरा ग्रॅम तरी राहतेच, ते थोड्या पाण्यानं खंगाळून त्याच्याच बाटलीत ओतते.