राहिलेले आठ प्रयोग आणि स्क्रू गेजचा झिरो एरर

खानापूर तालुक्यातील मराठी शाळेतून दहावी करून मी बेळगावात पीयूसी सायन्सला प्रवेश घेतला, तेव्हा फिजिक्सचे रेकॉर्ड इंग्रजीत लिहावे लागणार याचीच मला धास्ती होती. वेळ नेमका कशात जातो, हे दुसऱ्या वर्षी कळले. रेकॉर्ड जमा करायला 16 दिवस उरले होते आणि माझे आठ प्रयोग उतरवायचे राहिले होते.

पहिला मीटर ब्रिजचा घेतला. निरीक्षण वहीत 2 ओहमसाठी 40.0 सेंटिमीटर आणि 3 ओहमसाठी 50.2 सेंटिमीटर अशी संतुलन लांबी होती. S = R(100 − l)/l या सूत्राने तारेचा रोध 3.00 आणि 2.98 ओहम आला. दोन्ही उत्तरे जुळल्यामुळे वाचने विश्वासार्ह होती. पण विशिष्ट रोध काढताना अडले. स्क्रू गेजने मोजलेला तारेचा व्यास 0.40 मिलिमीटर लिहिला होता आणि झिरो एररची, म्हणजे गेज पूर्ण मिटल्यावर शून्याऐवजी दिसणाऱ्या वाचनाची, जागा कोरी होती. तो प्रत्येक स्क्रू गेजचा वेगळा असल्याने मैत्रिणीच्या वहीतला आकडा चालणार नव्हता. सुदैवाने मी गेजचा क्रमांक टिपला होता. सरांची परवानगी घेऊन मधल्या सुट्टीत पाहिले, तर झिरो एरर +0.03 निघाला, म्हणजे खरा व्यास 0.37. सूत्रात त्रिज्येचा वर्ग येतो, त्यामुळे एवढ्याशा फरकाने माझे उत्तर सुमारे 17 टक्के जास्त आले असते. या एकाच प्रयोगात अभ्यासाच्या दोन संध्याकाळी गेल्या.

म्हणून तिसऱ्या संध्याकाळी मी रेकॉर्डमध्ये एक ओळही लिहिली नाही. उरलेल्या सात प्रयोगांची निरीक्षणे समोर ठेवून लघुतम माप, झिरो एरर, एकके आणि आलेखाचे प्रमाण यांपैकी काय राहिले आहे, तेवढेच तपासले. तीन प्रयोगांत उणिवा सापडल्या आणि त्या लॅबच्या एकाच फेरीत भरून निघाल्या. त्यांपैकी एकाच्या दिवशी बस चुकल्याने मी गैरहजर होते, तो प्रयोग मी त्याच फेरीत स्वतः केला, कारण उसन्या वाचनांवर तोंडी परीक्षेत उत्तर देता येत नाही.

पुढे रोज जेवणानंतर एकच प्रयोग उतरवला. गणिते आधीच झालेली असल्याने पाऊण तास पुरे. पहाटेचा ताजा वेळ मी गणिताच्या उजळणीसाठीच राखला. कृती मात्र वही मिटून, आठवून इंग्रजीत लिहायची आणि मग ताडून पाहायची, असे ठरवले. त्यामुळे जिथे अडले तिथेच तोंडी परीक्षेचा प्रश्न दडलेला दिसला: संतुलन शोधताना जॉकी मीटर ब्रिजच्या तारेवर घासत का न्यायची नाही? घासल्याने तार झिजते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही आणि लांबीच्या प्रमाणात रोध हे गृहीतकच मोडते. हे उत्तर मी त्याच रात्री निरीक्षण वहीच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवले.

दहाव्या दिवशी आठवा प्रयोग पूर्ण झाला. उरलेल्या सहा दिवसांत फक्त अनुक्रमणिका, पानांचे क्रमांक आणि सरांच्या सह्या एवढेच काम होते.