बघा मग तेवढं

ॲल्युमिनियमच्या ओतकामात आत पोकळी राहिली तर तिला आपल्याकडे ब्लोहोल म्हणतात. जपानी कारखान्यात तिला 'सु' म्हणतात, म्हणजे घरटं. असले शब्द आदल्या रात्री पाठ करता येतात. आइची प्रांतातल्या त्या कारखान्यात दुभाषी म्हणून गेले तेव्हा अशा शब्दांची वहीच माझ्याजवळ होती. दिवसभर कस लागला तो मात्र पहिल्या धड्यातल्या वाक्याचा : 'योरोशिकु ओनेगाइशिमास'.

सोबत होते पुण्याकडच्या एका कास्टिंग कंपनीचे क्वालिटीचे साहेब. त्यांनी पाठवलेली काही हाउसिंग, म्हणजे यंत्राची ओतीव कवचं, लीक टेस्टमध्ये नापास झाली होती. कापून पाहिल्यावर बोल्टच्या भोकाजवळ पोकळ्या सापडल्या, म्हणून हे बोलावणं.

सकाळी कार्डांची देवघेव झाली. दोन्ही हातांनी कार्ड, कंपनीचं नाव, आडनाव, वाकणं आणि शेवटी हे वाक्य. 'योरोशिकु' म्हणजे 'चांगल्या प्रकारे, योग्य ते', आणि 'ओनेगाइशिमास' म्हणजे 'विनंती करतो'. कोणी काय करायचं, कधीपर्यंत, यातलं काहीच त्यात नाही. ते सगळं प्रसंगातून भरून घ्यायचं असतं. ओळखीच्या वेळी त्याचा अर्थ आपल्या 'सांभाळून घ्या'च्या जवळ जातो. मी साहेबांना तसंच सांगितलं. त्यांना ते आवडलं आणि त्यांनी वाक्य पाठ करून टाकलं.

मग ते सगळीकडे ऐकू येऊ लागलं. शॉप फ्लोअरवर शिफ्टच्या सुरुवातीच्या सभेत फोरमनने सूचना संपवल्या आणि सगळे एका सुरात तेच म्हणाले. तिथे त्याचा अर्थ 'चला, लागू या कामाला'. बैठकीच्या खोलीत बसल्या बसल्या दोन्ही बाजूंनी तेच, म्हणजे 'सुरू करू या'. (शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा, डाव मांडल्यावर खेळाडूही एकमेकांना वाकून 'ओनेगाइशिमास' म्हणतात, आणि मग एकमेकांना हरवायला बसतात.) बुचो, म्हणजे तिथले विभागप्रमुख, माझ्याकडे वळून 'त्सुयाकु, योरोशिकु ओनेगाइशिमास' म्हणाले. त्सुयाकु म्हणजे दुभाषेपण. मला ते 'नीट पोचवा हं' असं ऐकू आलं.

साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, हे म्हणजे आपलं नमस्कारच की हो." मी म्हटलं, "सकाळपासून तरी तसंच आहे." तेव्हा याहून जास्त समजावायला वेळ नव्हता.

बैठक दुपारपर्यंत चालली. जपानी बाजूला दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली झांतेइ ताइसाकु, म्हणजे तात्पुरता उपाय : बंदरावर आणि गोदामात असलेला सगळा माल एकेक नग तपासून वेगळा करायचा. दुसरी कोक्यू ताइसाकु, म्हणजे कायमचा उपाय : धातू आत शिरतो ती वाटच डायमध्ये, म्हणजे साच्यात, बदलायची. पहिल्यासाठी बुचोंनी पुढचा शुक्रवार सुचवला, दुसऱ्यासाठी महिनाअखेर. साहेब म्हणाले, "बघतो, प्रयत्न करतो." मी तेवढंच जपानीत सांगितलं. बुचोंनी मान डोलावली, कागद एकत्र केले आणि म्हणाले, "देवा, सोनो केन, योरोशिकु ओनेगाइशिमास." देवा म्हणजे 'तर मग', सोनो केन म्हणजे 'ती बाब'.

साहेबांना ओळखीचं वाक्य ऐकू आलं. मी तोंड उघडायच्या आत ते हसून, वाकून, स्पष्ट उच्चारात म्हणाले, "योरोशिकु ओनेगाइशिमास!" समोरच्या तरुण मुलाने लॅपटॉपवर बैठकीच्या नोंदीत काहीतरी टाइप केलं. मला पडदा दिसत नव्हता, पण काय लिहिलं असेल ते कळत होतं : जबाबदारी भारतीय बाजू, तारखा दोन्ही मान्य.

'सोनो केन' लागलं की या वाक्यातला नमस्कार संपतो. आधी ज्या कामाची चर्चा झाली, ते आता समोरच्याच्या पदरात पडलेलं असतं. मराठीत मालक फाइल पुढे सरकवून म्हणतो ना, 'बघा मग तेवढं', तसं. आवाजात जरब नसते, पण नाही म्हणायची जागाही फारशी उरत नाही. आणि उत्तरादाखल हसून तेच वाक्य म्हटलं, की काम स्वीकारलं असं धरलं जातं.

दुभाष्याने आपल्या पदरचं काही घालायचं नसतं, पण खुलासा मागता येतो. मी बुचोंची परवानगी घेऊन थांबवलं आणि आधी साहेबांना मराठीत सांगितलं, "ते म्हणताहेत, दोन्ही कामं या तारखांना तुमच्याकडून होतील असं धरून चालतो. तुम्ही आत्ता त्याला हो म्हणालात."

"मी कधी हो म्हटलं?"

"तेच वाक्य परत म्हणालात ना, तेव्हा."

साहेबांचं हसू मावळलं. मग मी बुचोंना विचारलं, "तारखा नक्की झाल्या असं आपण धरता आहात का?" ते जरा चकित झाले. "हो, नक्की झाल्या ना?"

त्यानंतरचा अर्धा तास त्या दिवसातला सगळ्यात कामाचा. तपासणी शुक्रवारपर्यंत होईल, हे साहेबांनी पक्कं सांगितलं. डायचं मात्र जमणार नव्हतं. वाट बदलायची म्हणजे डाय उतरवायची, मशिनिंग करायचं, चाचणीचे नग ओतायचे, ते कापून आतली पोकळी बघायची, लीक टेस्ट घ्यायची आणि मगच नमुने जपानला मंजुरीसाठी पाठवायचे. महिनाअखेरीस यातलं फार तर ओतणं झालं असतं. बुचोंनी टप्पे लिहून मागितले, साहेबांनी फळ्यावर लिहिले. अखेर महिनाअखेरीस चाचणीच्या नगांचा अहवाल आणि कायमचा उपाय त्याच्या पुढच्या महिन्यात, असं ठरलं. बुचो पुन्हा म्हणाले, "योरोशिकु ओनेगाइशिमास." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुचवलं, "काशिकोमारिमाशिता." समजलं, करतो. ते शब्द तुटकतुटक निघाले, पण निघाले.

बाहेर पडताना त्यांना मी एक खूण सांगितली. हे वाक्य नेहमी पुढे बघतं. झालेल्या कामाबद्दल कुणी ते भूतकाळात म्हणत नाही. तिथे 'आरिगातो गोझाइमाशिता', म्हणजे झाल्या कामाचे आभार, असतं. त्यामुळे बैठकीच्या शेवटी ते कानावर पडलं, की पुढे काय राहिलंय आणि ते कुणाकडे आहे, हे लगेच तपासावं.

रात्री जेवण झाल्यावर दारात निरोप घेताना बुचो म्हणाले, "शाचो-सामा नि मो योरोशिकु ओत्सुताए कुदासाइ." साहेब दचकलेच. "यात आता कुठली तारीख आहे?"

"तारीख नाही. तुमच्या मालकांना नमस्कार सांगा म्हणताहेत."

हॉटेलवर पोचलो तोवर बैठकीच्या नोंदीची मेल आली होती. शेवटची ओळ, 'गो-काकुनिन नो होदो, योरोशिकु ओनेगाइ इताशिमास', म्हणजे तपासून घ्यावं ही विनंती. चूक असेल तर आत्ताच बोला, गप्प राहिलात तर मान्य समजू, असा तिचा व्यवहारातला अर्थ. साहेब म्हणाले, "सकाळी बघू." मी म्हटलं, "आत्ता बघू." तात्पुरत्या उपायात बंदरावरचा आणि गोदामातला माल होता, पण जहाजावर असलेली खेप कुठेच धरलेली नव्हती. ती ओळ वाढवून उत्तर पाठवलं, आणि खाली मीही तेच वाक्य लिहिलं.